खात्यात पैसे आहेत तरी दुकानात कार्ड डिक्लाइन होतंय? परत टॅप करायच्या आधी हे बघा

मी पुण्यात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बिलिंगला बसतो. कार्ड डिक्लाइन झालं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो पण खात्यात पैसे आहेत!" आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. अडचण अशी की मागे रांग असते, लोक बघत असतात, माणूस गडबडतो आणि काही न बघता तेच कार्ड परत लावतो, परत लावतो, आणि ज्या गोष्टीचं काम दोन मिनिटांत झालं असतं ती उद्यावर जाते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, खास करून ज्यांचं पहिलंच खातं आहे, पहिलंच कार्ड आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधी समजून घ्या. बँक नुसती शिल्लक बघत नाही. या प्रकारचा व्यवहार तुम्ही कार्डावर चालू ठेवलाय का, रक्कम आजच्या लिमिटमध्ये बसते का, आणि कार्ड वापरणारे तुम्हीच आहात का, हे पण ती बघते. यातल्या एकाचंही उत्तर नाही आलं तर खात्यात पाच लाख असले तरी मशीन नाहीच म्हणणार. आणि या तिन्हीचे उपाय एकदम वेगळे आहेत, त्यामुळे आधी कुठे अडलंय ते शोधायचं, मग हात लावायचा.

आधी स्लिप मागा

डिक्लाइन झाल्यावर मशीनच्या स्क्रीनवर कारण दिसतं आणि बऱ्याच मशीनमधून स्लिपही निघते. ती आम्ही लोक चुरगाळून टाकतो, पण तुम्ही मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. त्यावर इंग्रजीत एक ओळ असते आणि पुष्कळदा दोन आकडी कोड असतो. हे कोड बहुतेक मशीनवर सारखेच असतात, पाठ करायची गरज नाही, पण हे पाच-सहा माहीत असले की पुरे:

```
51  शिल्लक अपुरी
55  पिन चुकला
57  हा व्यवहार या कार्डावर बंद आहे
61  रकमेचं लिमिट ओलांडलं
75  पिन जास्त वेळा चुकला, लॉक
91  तुमच्या बँकेशी संपर्क होत नाही
```

05 पण खूप वेळा येतो, त्याचा अर्थ एवढाच की बँकेने नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. तसं आलं तर फोनवर बँकेचा एसएमएस आलाय का बघा, अनेक बँका त्यात सरळ लिहितात की लिमिट संपलं किंवा सेवा चालू नाही. एसएमएसही नाही आणि मशीनवर टाइमआउट किंवा 91 दिसतंय तर तुमच्या कार्डाचा दोष बहुधा नाहीच, दुकानाचं नेट किंवा बँकेचा सर्व्हर अडकलाय, थोडं थांबा किंवा दुसऱ्या मशीनवर करा. मात्र टाइमआउटच्या केसमध्ये परत करायच्या आधी पैसे कापल्याचा मेसेज आलाय का ते बघायचंच, त्याबद्दल खाली सांगतो.

पैसे असूनही 51 आला तर? बँकेच्या अ‍ॅपमध्ये खातं उघडा आणि Available Balance म्हणून जो आकडा असतो तो बघा, वरचा मोठा आकडा नाही. आयपीओला अर्ज केला असेल तर तेवढी रक्कम खात्यातच दिसते पण ब्लॉक असते, चेक भरला असेल आणि अजून वटला नसेल तरी तेच. आणि एकाच बँकेत दोन खाती असतील तर कार्ड नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय ते पण बघा, पगार एका खात्यात आणि कार्ड दुसऱ्या खात्याचं असं होतं बरं का. क्रेडिट कार्ड असेल तर टोटल लिमिट नाही, उरलेलं लिमिट बघायचं.

स्विच: नवीन कार्डावर टॅप बंदच येतं

हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नियम काढला आणि तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. त्यानुसार नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि भारतातल्या दुकानात मशीनमध्ये घालून चालतं. टॅप करणं, ऑनलाइन वापरणं आणि परदेशात वापरणं हे तिन्ही बंद असतं, ते तुम्ही स्वतः चालू करायचं. म्हणजे जुनं कार्ड तीन वर्षं मस्त टॅप होत होतं, मुदत संपली म्हणून घरी नवीन आलं, आणि नवीन टॅप होत नाही, यात बिघाड काही नाही, नवीन कार्ड येताना हे तिन्ही स्विच परत बंद होऊन आलेत.

चालू कसं करायचं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड्सचा भाग असतो, त्यात Manage Card किंवा Card Controls किंवा Set Limits अशा नावाचं काहीतरी सापडेल, प्रत्येक बँकेचं नाव वेगळं. आत गेलं की Domestic आणि International असे दोन भाग, आणि प्रत्येकात ATM, POS, Online, Contactless असे चार स्विच. POS म्हणजे दुकानातलं मशीन, Contactless म्हणजे टॅप. Domestic खालचे POS आणि Contactless चालू करा, सेव्ह करा, ओटीपी किंवा पिन मागेल तो टाका आणि मग बदल झाल्याचा एसएमएस यायची वाट बघा. नुसता स्विच सरकवून बाहेर आलात तर काहीच झालेलं नसतं, सेव्ह राहून जातं, हे मी समोर उभ्या माणसांचं कितीतरी वेळा बघितलंय. अ‍ॅप नसेल तर नेटबँकिंग, एटीएम किंवा बँकेच्या फोनवरच्या मेनूतूनही हे करता येतं, नियमानेच बँकेला ही सोय चोवीस तास द्यावी लागते.

आणि दुकानात उभे असताना अ‍ॅप उघडतच नसेल तर सोपा मार्ग, टॅप सोडा, कार्ड मशीनमध्ये घाला आणि पिन टाका. टॅपचा स्विच बंद असला तरी घालून व्यवहार होतो, दुकानाचा स्विच तुम्हीच कधी बंद केला नसेल तर. काही बँकांच्या नवीन कार्डावर तर पहिला व्यवहार पिन टाकूनच करावा लागतो, त्यानंतरच टॅप चालतं, त्यामुळे नवीन कार्डाचं पहिलं बिल घालूनच करा असं मी सगळ्यांना सांगतो.

आता ऑनलाइनचा स्विच. दुकानात उभं असताना त्याचा काय संबंध असं वाटेल, पण एक ठिकाण असं आहे जिथे तो आडवा येतो. मशीन बंद पडलं की दुकानदार तुमच्या मोबाइलवर पेमेंट लिंक पाठवतो, तुम्ही त्यावर कार्डाचा नंबर टाकता. तुम्ही दुकानातच आहात, माल समोर आहे, पण बँकेच्या दृष्टीने तो ऑनलाइन व्यवहार झाला. Online बंद असेल तर तो फेल जाणारच, आणि माणूस म्हणतो मशीनमध्ये पण नाही, लिंकवर पण नाही, म्हणजे कार्डच खराब. कार्ड चांगलंच असतं, स्विच वेगळा असतो. घरून एखाद्या परदेशी वेबसाइटवर किंवा अ‍ॅपला पैसे भरताना डिक्लाइन झालं तर Online च्या जोडीला International पण लागतो. तो काम झालं की बंद करून टाका, कारण बाहेरच्या कितीतरी साइट ओटीपी मागतच नाहीत. दुबईला किंवा सिंगापूरला जाणार असाल तर International खालचे POS आणि Contactless निघायच्या आधी चालू करून ठेवा, तिकडे पोचल्यावर भारतातलं सिम चाललं नाही तर ओटीपी येणार नाही आणि मग स्विचही सरकवता येणार नाही.

लिमिट: इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

लिमिट एक नसतं. टॅप करून पिन न टाकता जास्तीत जास्त ५००० रुपये जातात, १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा २००० वरून ५००० झाली. त्याच्या वर पिन लागतोच, काही मशीन टॅपनंतर पिन मागतात, काही सरळ कार्ड घाला म्हणतात. याला डिक्लाइन समजून घाबरू नका. मात्र अ‍ॅपमध्ये तुमच्या टॅपचं लिमिट ५००० पेक्षा कमी ठेवलेलं असू शकतं, समजा २००० आहे, तर २२०० चं बिल टॅपने जाणार नाही.

मग येतं दिवसाचं लिमिट. ते दोन पातळ्यांवर असतं, एक कार्डाच्या प्रकाराचं कमाल लिमिट जे बँक ठरवते, आणि त्याच्या आत तुम्ही अ‍ॅपमध्ये ठेवलेलं लिमिट. घोळ बहुतेक वेळा दुसऱ्यात असतो, कारण नवीन कार्डावर बँक ते बरंच कमी ठेवून देऊ शकते आणि आपल्याला कोणी सांगत नाही. एटीएमचं लिमिट वेगळं असतं, दुकानाचं वेगळं, आणि काही बँकांत दुकान आणि ऑनलाइन मिळून एकच असतं, म्हणजे सकाळी मोबाइलवरून कार्डाने काही मागवलं असेल तर ते पण दुपारच्या बिलाच्या लिमिटमधून वजा झालेलं असतं.

आमच्या दुकानातलीच एक केस सांगतो म्हणजे हिशोब कळेल. लातूरची एक मुलगी, पुण्यात नोकरीला लागलेली, पगाराचं नवीन खातं, नवीन डेबिट कार्ड. लॅपटॉप घेतला ५८,५०० चा, खात्यात ९३,००० च्या आसपास होते. तिने टॅप केलं, मशीन म्हणालं कार्ड घाला, ते बरोबरच होतं कारण रक्कम ५००० च्या वर. कार्ड घातलं, पिन टाकला, 55. मी विचारलं, "ताई, हा एटीएमचा पिन टाकला की फोनपेमध्ये टाकता तो?" तर तो यूपीआयचा होता. परत बरोबर पिन टाकला, आता 61. म्हणजे पिनचा प्रश्न मिटला, आता लिमिट. अ‍ॅप उघडायला लावलं तर POS समोर २५,००० लिहिलेलं, आणि त्याच स्क्रीनवर कमाल १,००,००० दिसत होतं. तिने ६०,००० केलं, ओटीपी टाकला, एसएमएस आला, परत कार्ड घातलं आणि परत 61.

इथे तिचा धीर सुटला, मला म्हणाली, "दादा राहू दे, उद्या येते." मी विचारलं आज कार्डाने अजून काही घेतलंय का, तर सकाळी डी-मार्टला २,३४० चं बिल केलेलं. आता बेरीज करा, ५८,५०० अधिक २,३४० म्हणजे ६०,८४०. लिमिट ६०,००० चं, ८४० नी हुकलं. लिमिट ६५,००० केलं आणि पुढच्या वेळी कार्ड घातलं तेव्हा बिल निघालं. म्हणून लिमिट वाढवताना नुसती बिलाची रक्कम धरू नका, आजचा कार्डाचा सगळा खर्च त्यात मिळवा आणि वर थोडं ठेवा. खरेदी झाली की घरी जाऊन लिमिट परत खाली आणा, कार्ड हरवलं तर तेवढाच धोका कमी.

दोन भागात बिल करा, असं लोक सुचवतात. एका व्यवहाराचं लिमिट असेल तर त्याने होतं, दिवसाचं लिमिट असेल तर काही उपयोग नाही, दुसरा भाग अडकणारच आणि मग अर्धे पैसे दुकानात आणि वस्तू तिथेच अशी अवस्था होते. तसं करायचंच असेल तर आधी अ‍ॅपमध्ये लिमिट बघून मगच करा. आणि कार्डाचं कमाल लिमिटच बिलापेक्षा कमी असेल तर अ‍ॅपमध्ये काही करता येत नाही, त्या दिवसापुरतं यूपीआय वापरा, दुकानाला साधारण एका दिवसात १ लाखापर्यंत जातं, किंवा दुकानाच्या खात्यावर आयएमपीएस करा. पुढे नेहमी मोठे खर्च असतील तर बँकेकडून वरच्या प्रकारचं कार्ड मागून घ्या.

पिन आणि ओटीपी: इथे घाई केली की कार्ड लॉक

वरच्या केसमध्ये जे झालं ते फार कॉमन आहे. माणसाकडे हल्ली तीन-तीन पिन असतात, कार्डाचा, यूपीआयचा आणि बँकेच्या अ‍ॅपचा. दुकानातल्या मशीनमध्ये कार्डाचाच पिन चालतो, जो एटीएममध्ये टाकता तो, चार आकडी. तुम्ही सहा आकडी काहीतरी टाकायला जात असाल तर तिथेच थांबा, तो बहुतेक दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

पिन एकदा चुकला, ठीक आहे. दुसऱ्यांदा चुकला तर तिसरा प्रयत्न करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. साधारण तीन वेळा चुकला की बँक पिन लॉक करते, मग 75 येतो, आणि त्यानंतर तुम्ही बरोबर पिन टाकला तरी चालत नाही. लोक इथेच चक्रावतात, आता तर आठवला, नक्की हाच आहे, तरी का होत नाही. अहो लॉक झालंय म्हणून. लॉक बऱ्याच बँकांत दुसऱ्या दिवशी आपोआप निघतो, नाहीतर अ‍ॅपमधून किंवा एटीएमवर जाऊन नवीन पिन तयार करायचा. म्हणून दोनदा चुकल्यावर शांतपणे बाजूला या, अ‍ॅपमध्ये Set PIN किंवा Reset PIN मधून नवीन पिन करा आणि मगच परत रांगेत या. पिन स्वतःच टाका, मशीन हातात घ्या, आमच्यासारख्याला सांगून टाकायला लावू नका, आम्ही चांगले असलो तरी.

चिपचा एक किरकोळ प्रकार आहे. चिप घासली गेली किंवा मळली की मशीन वाचत नाही, मग कोणीतरी कार्डाची काळी पट्टी घासून बघतो आणि ते डिक्लाइन होतं, कारण चिप असलेल्या कार्डावर पट्टीने केलेला व्यवहार बँका सहसा स्वीकारत नाहीत. चिप कोरड्या कापडाने पुसा, परत घाला, दोन वेगळ्या दुकानांत हेच झालं तर कार्ड बदलून घ्या.

पेमेंट लिंकवर मात्र पिन नाही, ओटीपी लागतो, आणि तो बँकेत जो नंबर दिलाय त्याच्यावरच येतो. गावाकडचा जुना नंबर खात्याला लागलेला असेल आणि तो बाबांच्या फोनमध्ये असेल तर बाबांना फोन करून ओटीपी विचारावा लागतो, असा प्रकार कायमचा चालू ठेवू नका, शाखेत किंवा एटीएमवर नंबर बदलून घ्या. अजून एक, सिम हरवलं म्हणून त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं किंवा ई-सिम केलं तर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात. कॉल येतात, नेट चालतं, ओटीपी तेवढा येत नाही. त्या दिवशी ओटीपी परत परत मागवण्यात अर्थ नाही, कार्ड मशीनमध्ये घालून पिनने करा, तिथे एसएमएसची गरज लागत नाही.

मशीन नाही म्हणालं पण पैसे कापले

हे झालं की माणूस खरंच हादरतो. मशीनवर फेल किंवा टाइमआउट, आणि फोनवर पैसे गेल्याचा मेसेज. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी दुकानदाराला मशीनमधले शेवटचे व्यवहार बघायला सांगा, कधी कधी व्यवहार झालेला असतो आणि फक्त स्लिप निघालेली नसते. दुकानाकडे खरंच काही दिसत नसेल तर ते पैसे तुमच्याकडे परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते, अर्ज मागायचा नसतो. तोपर्यंत एक त्रास लक्षात ठेवा, ती अडकलेली रक्कम आजच्या लिमिटमधूनही कापलेली असू शकते, त्यामुळे लगेच परत कार्ड लावलं तर 61 येऊ शकतो.

यासाठी फेल झालेली स्लिप जपून ठेवा, तिच्यावर RRN म्हणून बारा आकडी नंबर असतो आणि TID म्हणजे मशीनचा नंबर असतो, तारीख आणि वेळ असते. स्लिप नसेल तर स्क्रीनचा आणि एसएमएसचा फोटो काढून ठेवा. तक्रार आपल्या बँकेकडे करायची, दुकानाच्या बँकेकडे नाही, आणि नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच वापरायचा. गुगलवर बँकेचं नाव टाकून कस्टमर केअर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकून बसलेले असतात आणि पैसे परत करतो म्हणून ओटीपी मागतात, पैसे परत मिळवायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. बँकेकडून तक्रारीचा नंबर घ्या, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते, तिथे फॉर्ममध्ये बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख विचारतात, म्हणून तो पहिला नंबर आणि तारीख कुठेतरी लिहून ठेवा.